साडेसात हजार मुलांचं गणित

एका कंपनीतले २५ जण महापालिकेच्या शाळेत जातात. दिवसभर भिंती रंगवतात, वाचनालयाची कपाटं लावतात, पुस्तकांवर क्रमांक घालतात. शाळेत मुलं आहेत ३००. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण कंपनीच्या पोर्टलवर आपापला अहवाल भरतो, आणि 'लाभार्थींची संख्या' या रकान्यात इमानदारीने ३०० लिहितो. वर्षाअखेरीस संगणक सगळ्यांची बेरीज करतो आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात 'साडेसात हजार विद्यार्थ्यांच्या आयुष्यात बदल' असा मथळा झळकतो. यात कोणी खोटं बोललेलं नाही. फॉर्मच तसा आखलेला होता.

स्वयंसेवा रजा देणाऱ्या कंपन्या आता पुण्या-मुंबईत चिक्कार आहेत. पगार न कापता वर्षातला एक, दोन किंवा तीन दिवस समाजाच्या कामाला द्यायचा, अशी ही सोय. सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीत तर ती वर्षाला ७ दिवस, म्हणजे ५६ तास आहे, आणि तिच्या भारतातल्या कर्मचाऱ्यांनाही मिळते. रजेचं धोरण बहुतेक ठिकाणी दोन-तीन पानांचं असतं. कर्मचारी त्यातली पहिली ओळ वाचतात, ती म्हणजे किती दिवस मिळणार. अडतं ते पुढच्या ओळींवर: कोणाला मिळते, कोणत्या कामासाठी मिळते, मंजूर कोण करतं, आणि परत आल्यावर काय लिहून द्यायचं.

आधी कायद्याचं. ही रजा आपल्याकडे कायद्याने मिळत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलं तर दर २० दिवसांमागे एक हक्काची रजा आहे. समाजसेवेचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे स्वयंसेवा रजा ही कंपनीने स्वखुशीने दिलेली जादाची रजा. म्हणूनच ती साधारणपणे पुढच्या वर्षात ओढता येत नाही आणि नोकरी सोडताना तिचे पैसे मिळत नाहीत. मात्र जादाची असल्यामुळे ती कायद्याच्या रजेतून वळती करायलाही कंपनीला मोकळीक नाही. पगारपत्रकावर तिचा वेगळा रकाना असला पाहिजे. तो नसेल, तर नैमित्तिक रजेलाच नवं नाव दिलंय की काय, हे मनुष्यबळ विभागाला खुशाल विचारावं.

कल्पना मात्र नवी नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने कामाच्या दिवशी परवानाधारक रक्तपेढीत रक्तदान केलं, तर त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा मिळते. वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा, आणि दान केल्याचा पुरावा दाखवून. या एका वाक्याच्या नियमात सगळं आलं आहे: कोण, कोणतं काम, कुठे, किती वेळा आणि पुरावा काय. खासगी कंपन्यांची तीन-तीन पानी धोरणं इतकी स्पष्ट क्वचितच असतात.

पात्रतेचं पाहू. बहुतेक धोरणांत कायम झालेला कर्मचारी पात्र असतो, परीविक्षा काळातला नसतो. वर्षाच्या मध्यात आलेल्याला त्या प्रमाणात रजा मिळते. दोन दिवसांची रजा असेल आणि माणूस ऑक्टोबरात रुजू झाला, तर मार्चपर्यंत एक दिवस. इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो कंत्राटी माणसांपाशी. कंपनीच्या दारावरचा सुरक्षारक्षक, कॅन्टीनमधल्या बाई, सफाई कर्मचारी, यांचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो. त्यांना ही रजा लागू होत नाही. सेवेच्या दिवशी कंपनीचे अभियंते झाडू घेऊन नदीकाठ झाडत असतात आणि रोज झाडणारी माणसं ऑफिसातच राहतात. यावर उपाय आहे. ठेकेदाराच्या करारातच वर्षाला एक दिवस धरून त्या दिवसाची मजुरी कंपनीने भरायची. खर्च फार येत नाही, पण करार करणाऱ्या खरेदी विभागाला हे सुचवणारं कोणी नसतं.

दुसरा पेच कारखान्यातला. चाकणच्या एखाद्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवरचा माणूस नसेल तर त्या जागी बदली माणूस लागतो. नाहीतर लाइन थांबते. संगणकावर बसणारा आपलं काम दुसऱ्या दिवशी ओढून काढतो, लाइनवरच्याला तशी सोय नाही. म्हणून धोरण सगळ्यांना सारखं असूनही रजा वापरतात ती ऑफिसातलीच माणसं. ज्यांना हे खरंच सोडवायचं असतं ते लाइनवरच्या लोकांसाठी देखभालीच्या बंद दिवसांशी सेवेचे दिवस जोडतात, किंवा पाळीपाळीने चार-चार जण सोडतात. ज्यांना सोडवायचं नसतं ते 'कामाच्या गरजेनुसार' हे दोन शब्द धोरणात टाकून मोकळे होतात.

आता कोणतं काम पात्र? इथे महाराष्ट्रातले खरे प्रश्न पुढे येतात. आषाढीच्या आधी पालखी पुण्यात येते तेव्हा वारीत चालायला जायचं असेल, तर ती रजा आपली स्वतःची. ती साधना आहे, आणि तिला कंपनीच्या अहवालात रकाना नको. पण त्याच मार्गावर वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करणाऱ्या पथकात, किंवा मुक्काम हलल्यावर मागचा कचरा उचलणाऱ्या गटात जायचं असेल, तर ती स्वयंसेवा. तसंच गणपतीचं. आपल्या मंडळाच्या मांडवात बसणं यात येत नाही, विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करणं येतं. चांगली धोरणं यासाठी एक साधी कसोटी लावतात: काम धर्म, पक्ष, नातं न बघता सगळ्यांच्या उपयोगी पडतं का, आणि ते करून अर्जदाराचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही फायदा होतो का. स्वतःच्या सोसायटीच्या बागेची लागवड या कसोटीवर बाद होते. आपल्याच मुलाच्या शाळेची सहलही. पक्षाच्या प्रचाराला तर कोणतीच कंपनी हात लावत नाही.

संस्था कोणती चालेल, याची यादी बहुधा कंपनीचा सीएसआर विभाग ठेवतो. नोंदणीकृत न्यास, सरकारी रुग्णालय, महापालिकेची शाळा, ग्रामपंचायत. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो, आणि काही कंपन्या रजेसाठीही तोच क्रमांक मागतात. हे उगाचच आहे. त्या क्रमांकाचा संबंध पैशाशी आहे, श्रमाशी नाही. गावातल्या वाचनालयाने तो घेतलेला नसतो, म्हणून तिथे जाऊन पुस्तकांची सूची करून देणाऱ्याची रजा नाकारण्यात काही अर्थ नाही.

मंजुरीची वाट अशी असते. कर्मचारी साधारण दोन आठवडे आधी अर्ज करतो. सोबत संस्थेचं पत्र किंवा ईमेल: अमुक दिवशी, अमुक काम, इतकी माणसं हवीत. माझ्या मते सगळ्या कागदपत्रांत मोलाचा कागद हाच. कारण त्यातून कळतं की संस्थेला खरंच माणसं हवी आहेत की कंपनीनेच त्यांच्या गळ्यात पडून दिवस मागितला आहे. दसऱ्या-दिवाळीच्या आधी वृद्धाश्रमांत आणि बालगृहांत एकाच आठवड्यात चार-चार कंपन्यांचे गट येतात. मुलांना एका दिवशी दोनदा केक खावा लागतो. संस्था नाही म्हणत नाही, कारण पुढच्या देणगीची आशा असते. पत्रात कामाचं नाव नसून नुसतं 'भेट' लिहिलेलं असेल, तर मंजुरी देणाऱ्याने तिथेच थांबून फोन करावा.

अर्ज मग थेट वरिष्ठाकडे जातो. वरिष्ठाला तारीख बदलायला सांगता येते, पण कोणत्या कामाला जायचं यावर त्याचं मत चालत नाही. ते सीएसआर विभाग पाहतो. हा भेद धोरणात लिहिलेला नसला की गोची होते. वरिष्ठाला झोपडपट्टीतलं काम 'आपल्या कंपनीच्या प्रतिमेला शोभत नाही' असं वाटतं आणि अर्ज पडून राहतो. ठरावीक दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजुरी मिळाली असं समजावं, हे कलम असलं तर कर्मचारी वाचतो.

पुराच्या वेळी दोन आठवड्यांचा नियम अर्थातच कोसळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा अर्ज करत बसायला कोणाला वेळ होता? अशा प्रसंगासाठी आधी जा आणि नंतर मंजुरी घ्या, अशी सोय लागते. पण तिला एक लगाम हवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटी आणि प्रशिक्षित पथकंच कामाची असतात. शहरातून गाड्या भरून आलेली माणसं रस्ते अडवतात आणि गावाचंच अन्न खातात. नवख्या हातांची गरज लागते ती पाणी ओसरल्यावर, घराघरातला चिखल काढायला. म्हणून तातडीच्या रजेलाही स्थानिक प्रशासनाचा किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेचा होकार मागणं योग्यच.

मंजुरीच्या वेळीच आणखी एक गोष्ट मिटवावी: हजेरीपटावर त्या दिवशी काय लिहिलं जाणार? 'रजा' की 'कामानिमित्त बाहेर'? कामगाराला अपघात झाला तर नुकसानभरपाईचा कायदा पाहतो की अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला का. कंपनीने आखलेल्या सेवादिनी घमेलं पायावर पडून बोट मोडलं, तर हजेरीपटावरचा तो एक शब्द वादात पुरावा म्हणून पुढे येतो. कंपनीचा गट अपघात विमा चोवीस तासांचा आहे की फक्त कामाच्या वेळेचा, तेही आधीच विचारून घ्यावं.

आता अहवालाकडे. एक उदाहरण घेऊन हिशेब मांडतो. समजा, पुण्यातल्या एका कंपनीचे २५ जण मे महिन्यात पुरंदर तालुक्यातल्या एका गावी श्रमदानाला गेले. (पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात, २०१६ ते २०१९ दरम्यान, शहरातले हजारो जलमित्र १ मेला असे जात. १ मे ही तशीही पगारी सुटी, त्यामुळे रजेचा प्रश्नच नव्हता.) काम होतं डोंगरउतारावर सलग समतल चर खोदायचं. गावकऱ्यांनी आधीच समपातळी काढून फक्कीने रेघा मारून ठेवल्या होत्या. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. मुरमाची जमीन, मे महिन्याचं ऊन आणि कुदळीची सवय नसलेले हात. चार तासांत माणशी ३ मीटर चर झाला, म्हणजे सगळ्यांचा मिळून ७५ मीटर.

एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं. ७५ मीटरला १३,५०० लिटर. हा आकडा खरा आहे, पण तो चराच्या पोटाचा आहे. 'आम्ही साडेतेरा हजार लिटर पाणी वाचवलं' असं लिहिलं की घसरण सुरू होते. पाऊस पडायचाच आहे. मग कोणीतरी म्हणतं, पावसाळ्यात चर दहा वेळा भरेल, म्हणून १ लाख ३५ हजार लिटर. दहा कुठून आले, हे कोणी विचारत नाही. चर किती वेळा भरेल हे पाऊस कसा पडतो यावर ठरतं, आणि मुरलेलं पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल हे खालच्या खडकावर. एका दिवसाच्या खोदाईवरून यातलं काही सांगता येत नाही.

मग लिहायचं काय? तीन थर वेगळे ठेवायचे. पहिला, काय दिलं: २५ माणसं, प्रत्येकी ८ तास, असे कंपनीच्या पगारी वेळेतले २०० तास. त्यातले प्रत्यक्ष खोदाईचे १००, बाकी प्रवास, जेवण आणि सूचना. दुसरा, काय झालं: ७५ मीटर चर, एका वेळी १३,५०० लिटर पाणी मावेल एवढा, जागेचा गट क्रमांक अमुक, मोजमाप गावच्या माणसाने केलं. तिसरा, त्यातून काय बदललं: हा रकाना त्या दिवशी रिकामा ठेवायचा आणि समोर तारीख टाकायची, जुलैचा शेवट. कारण चर टिकला की नाही हे पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर कळतं. रेघ समपातळी सोडून खोदली गेली असेल, तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथला बांध फोडून ओघळ पाडतं. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला न टाकता वर टाकली असेल, तर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. नवखे लोक ही दुसरी चूक हमखास करतात. जुलैत गावातून चार फोटो आणि दोन ओळी आल्या, की तिसरा रकाना भरता येतो: ६० मीटर शाबूत, १५ मीटर गाळाने भरला. असा अहवाल वार्षिक पुस्तिकेत शोभून दिसत नाही, पण पुढच्या वर्षी काय बदलायचं ते त्यातूनच कळतं.

एक कडवट बेरीजही त्यात असावी असं मला वाटतं. सवयीचा मजूर अशा जमिनीत दिवसाला सुमारे २ घनमीटर खोदतो असं धरलं, तर हे साडेतेरा घनमीटरचं काम सात मजुरांचं एका दिवसाचं. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३०० रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे दोन-अडीच हजार रुपयांची खोदाई. पुण्याहून आणलेल्या बसचं भाडंच त्याच्या कितीतरी पट. यावरून श्रमदान फुकट गेलं असं म्हणणं घाईचं ठरेल. गावातल्या तरुणांना हुरूप येतो, शहरातल्यांना गाव कळतं. पण मग अहवालात तेच लिहावं, लिटरचे आकडे पुढे करू नयेत.

लाभार्थींच्या गुणाकारावरचा उपाय सोपा आहे. कर्मचाऱ्याने फक्त आपले तास भरायचे. किती लोकांना उपयोग झाला हा आकडा संस्थेने एकदाच द्यायचा आणि गटप्रमुखाने एकदाच नोंदवायचा. २५ जणांच्या पडद्यावरून तो रकानाच काढून टाकला की साडेसात हजार मुलं जन्मालाच येत नाहीत. तासांतही घोळ होतो तो शनिवार-रविवारचा. कंपन्यांच्या सामाजिक गुंतवणुकीचं मोजमाप करणारी बीफोरएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत कंपनीच्या पगारी वेळेतले तासच कंपनीचं योगदान मानते. कर्मचाऱ्याने रविवारी केलेलं काम त्याचं स्वतःचं, ते कंपनीच्या खात्यात जात नाही. शनिवारी सुटीच्या दिवशी 'सर्वांनी यायचंच' असं फर्मान काढून त्याला स्वयंसेवा म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पैशाचा प्रश्न हमखास निघतो: या २०० तासांचा पगार कंपनीच्या सक्तीच्या दोन टक्के सीएसआर खर्चात धरता येतो का? नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की कर्मचाऱ्यांचा सहभाग स्वागतार्ह आहे, पण त्यांच्या सेवेचं पैशात रूपांतर करून तो सीएसआर खर्च म्हणून दाखवता येणार नाही. म्हणून अहवालात तासांना रुपयांनी गुणणारा रकाना असेल, तर तो फार तर आतल्या माहितीसाठी. वैधानिक अहवालात तो गेला तर लेखापरीक्षक खोडणार.

आणि फोटो. अहवालाला दोन फोटो जोडा, असं प्रत्येक पोर्टल सांगतं. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत ही सूचना थेट कायद्यावर आपटते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता किंवा शाळा प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या गळ्यात हात टाकून काढलेला, कंपनीच्या टी-शर्टसह समाजमाध्यमावर चढवलेला फोटो या कलमात सहज बसतो. चेहरा नको, नुसतं काम दिसू द्या: रंगवलेली भिंत, लावलेलं कपाट, खोदलेला चर.

राहता राहिला रजेचा तुकडा. पुष्कळ धोरणं पूर्ण दिवसच मागतात, आणि तिथेच बरंच काही हुकतं. त्याच गावातल्या महिला बचत गटाला लोणच्या-पापडांच्या विक्रीचा हिशेब वहीतून संगणकावर आणायचा आहे, असं समजा. कंपनीच्या लेखा विभागातली एक कर्मचारी दोन दिवसांची रजा १६ तासांत तोडून आठ शुक्रवारी दोन-दोन तास व्हिडीओ कॉलवर त्यांच्याबरोबर बसते. कच्चा माल, विक्री आणि उधारी अशा तीन याद्या तयार होतात. बस लागत नाही, टी-शर्ट लागत नाही. तिचा अहवालही छोटा असतो: १६ तास, तीन याद्या, गटातल्या दोघी आता नोंदी स्वतः करतात, उधारी किती दिवस थकते ते पहिल्यांदाच दिसलं. शेवटी गटाच्या अध्यक्षांची सही आणि शेरा: 'पुढच्या वेळी जीएसटीचं शिकवणारं कोणी पाठवा.' संस्थेच्या शेऱ्याचा असा रकाना प्रत्येक फॉर्मवर हवा, आणि तो भरून आल्याशिवाय पुढच्या वर्षीची रजा उघडू नये.